विक्री जुळली, नफा नाही जुळला: सावजी मसाला युनिटच्या पहिल्या वर्षाच्या नोंदी

४ एप्रिल

नागपुरातल्या वाठोड्याच्या युनिटचं पहिलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं. बँकेला कर्जासाठी जो अंदाज दिला होता तो आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवायला आज सुरुवात केली. आधी साठा मोजून घेतला, कारण साठा चुकला की पुढचं सगळंच चुकतं. छापील पाऊच आपण कमीत कमी ऑर्डरच्या नियमामुळे एकदम घेतले होते आणि त्यातले बरेच अजून गोणीत आहेत. ते खर्चात धरायचे नाहीत, साठ्यात धरायचे. मिरचीचंही तेच. वर्षात विकत घेतली किती हे वेगळं आणि दळणात गेली किती हे वेगळं. खालचे सगळे आकडे दळणात गेलेल्या मालाचे आहेत आणि विक्रीदर जीएसटी सोडून धरले आहेत.

माल एकच, पण विक्रीच्या वाटा दोन. १०० ग्रॅमची पाकिटं किराणा दुकानांतून जातात आणि ५ किलोच्या पिशव्या सावजी भोजनालयं व केटरर घेतात. अंदाज होता पाकिटं ६,००० किलो आणि हॉटेल ३,००० किलो. विक्री ३९,९०,००० रुपये, नफा ४,२०,०००.

प्रत्यक्षात विक्री झाली ३९,३९,००० रुपये. म्हणजे फक्त ५१,००० कमी, सव्वा टक्का. नफा मात्र ६०,०००.

संध्याकाळी दादाला आकडे दाखवले. तो म्हणाला, "धंदा तर होऊन राहिला न, मग पैसा काहून दिसत नाही?" प्रश्न अगदी नेमका आहे. ३,६०,००० रुपये कुठे गेले हे दाखवता आलं पाहिजे, आणि त्यातले कोणते पुढच्या वर्षीही जाणार आहेत हेही सांगता आलं पाहिजे. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण योजना त्यावरच बदलायची आहे.

७ एप्रिल

मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष यांची सरळ वजाबाकी करून पाहिली. ती दिशाभूल करते, आणि ती कशी करते हे इथे लिहून ठेवते, कारण बँकेच्या फॉरमॅटमध्ये हीच वजाबाकी मागतात.

कच्च्या मालाचा अंदाज २१,६०,००० होता, खर्च झाला २४,७९,८००. वजाबाकीत ३,१९,८०० जास्त दिसतात. पण आपण ९,००० ऐवजी ९,६०० किलो मसाला केला. किलोला २४० रुपये या ठरलेल्या दराने वरच्या ६०० किलोंना १,४४,००० लागणारच होते. ती उधळपट्टी नव्हे. खरा जादा खर्च १,७५,८०० आहे.

पॅकिंगमध्ये याच्या उलट. अंदाज २,९४,०००, खर्च २,३४,०००. वाटतं ६०,००० वाचले. वाचलं काहीच नाही. पाकिटांना किलोमागे ४५ रुपये पॅकिंग लागतं, हॉटेलच्या पिशवीला ८. पाकिटं कमी विकली गेली म्हणून पाऊच कमी लागले. जेवढी पाकिटं आणि पिशव्या खरोखर गेल्या त्यांना ठरलेल्या दराने २,३२,२०० लागायला हवे होते, म्हणजे आपण १,८०० जास्तच खर्च केले. पाकिटं न खपल्याचं दुखणं इथे बचत म्हणून दिसत होतं.

म्हणून मधे एक तिसरा रकाना घातला: प्रत्यक्ष विकलेल्या किलोंना जुन्याच दराने काय खर्च यायला हवा होता. अभ्यासाच्या पुस्तकात याला लवचीक अंदाजपत्रक म्हणतात. मूळ अंदाज आणि हा रकाना यांतला फरक विक्रीच्या किलोंमुळे पडलेला. हा रकाना आणि प्रत्यक्ष यांतला फरक दर आणि वापर यांमुळे पडलेला. पुढचं सगळं या तीन रकान्यांवर चालेल.

११ एप्रिल

विक्रीची बाजू उलगडली. इथे कॉन्ट्रिब्यूशन हा शब्द लागतो, म्हणजे विक्रीदरातून त्या किलोबरोबर वाढणारा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते. भाडं, पगार, व्याज हे त्यातून भागवायचं. अंदाजात पाकिटांचा दर किलोला ४८० आणि खर्च ३३०, उरतात १५०. हॉटेलचा दर ३७०, खर्च २९०, उरतात ८०.

प्रत्यक्षात पाकिटं ४,२०० किलो गेली आणि हॉटेलला ५,४०० किलो. एकूण किलो वाढले, पण जिथे १५० उरतात तिथे कमी आणि जिथे ८० उरतात तिथे जास्त. दोन परिणाम वेगळे केले. ९,६०० किलो जर ठरल्याप्रमाणे दोनास एक या प्रमाणात गेले असते तर कॉन्ट्रिब्यूशन ११,४०,००० वरून १२,१६,००० झालं असतं. म्हणजे जास्त किलो विकल्याचा फायदा ७६,०००. पण प्रत्यक्ष वाटणीने, जुनेच दर धरून, ते येतं १०,६२,०००. म्हणजे कल हॉटेलकडे गेल्याचा तोटा १,५४,०००. विक्रीच्या एका बेरजेत हे दोन्ही एकमेकांना झाकून बसले होते.

दरातही घट आहे. पाकिटांना सरासरी ४७५ मिळाले, दिवाळीच्या स्कीममुळे, तिथे २१,००० गेले. हॉटेलला ३७० ऐवजी ३६०, तिथे ५४,०००.

हॉटेलचे हे जादा २,४०० किलो आले कसे, हे दादाला विचारलं. पावसाळ्यापर्यंत पाकिटांची दुकानं वाढत नव्हती, पल्व्हरायझर अर्धा दिवस बंद असायचा, म्हणून तो नंदनवन आणि महालाच्या भोजनालयांकडे गेला आणि तिथे दर थोडा खाली घेतला. त्या वेळी मशीन रिकामी ठेवण्यापेक्षा ते बरोबरच होतं. मात्र तात्पुरता म्हणून घेतलेला दर आता त्या गिऱ्हाइकांसाठी कायमचा दर झाला आहे.

१२ एप्रिल

मिरची. सगळ्यांत मोठा आकडा इथेच आहे.

ठरलं होतं की एक किलो मसाल्याला देठासकट अर्धा किलो सुकी मिरची लागेल आणि ती १८० रुपयांनी पडेल. ९,६०० किलोंना ४,८०० किलो मिरची, ८,६४,००० रुपये. प्रत्यक्षात ५,१६० किलो लागली आणि सरासरी २०५ ने पडली. १०,५७,८०० रुपये. फरक १,९३,८००. त्यात दराचा वाटा ५,१६० गुणिले २५, म्हणजे १,२९,०००. वापराचा वाटा ३६० गुणिले १८०, म्हणजे ६४,८००.

इथवर कोणीही येईल. पण दराचे १,२९,००० हे "मिरची महागली" म्हणून सोडून द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न. १८० हा दर अंदाज करताना फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्याच्या बाजार समितीत पाहिलेला होता. ती नव्या मिरचीची भर आवकेची वेळ. त्या दराने वर्षभराची मिरची त्याच महिन्यांत घेतली तरच मिळते. आपण घेतली दर महिन्याला, कारण एकदम घ्यायला खेळतं भांडवल नव्हतं. म्हणजे दर एका पद्धतीचा आणि खरेदी दुसऱ्या पद्धतीची.

म्हणून आपल्या प्रत्येक खरेदीच्या तारखेचा कळमना बाजार समितीचा दर काढला, त्यात हमाली, तोलाई आणि गाडीभाडं धरलं आणि आपल्या किलोंनी सरासरी काढली. ती आली १९८. त्यावरून फोड अशी होते. १८० ते १९८ हा १८ रुपयांचा फरक अंदाजाच्या गृहीतकातला आहे, ९२,८८० रुपये. दर महिन्याला खरेदी करणाऱ्या कोणालाही तो टळला नसता. १९८ ते २०५ हे ७ रुपये आपल्या खरेदीतले, ३६,१२० रुपये. घाईच्या वेळी मस्कासाथच्या दुकानातून दोन-चार गोण्या उचलल्या, त्याचे हे.

पहिला भाग योजनेतला आकडा बदलून सुटेल. दुसरा आकडा बदलून सुटणार नाही, तिथे खरेदीची रीत बदलावी लागेल. दोन्ही एकत्र ठेवले असते तर नव्या अंदाजात २०५ लिहून आपण मोकळे झालो असतो आणि ते ७ रुपये योजनेत कायमचे मुरले असते.

१८ एप्रिल

वापराचे ३६० किलो कुठे गेले? वहिनीच्या उत्पादन रजिस्टरमध्ये रोज दळणाला काढलेली मिरची आणि तयार मसाला यांची वजनं आहेत. महिन्यांचे तीन गट केले.

एप्रिल ते जून: १,६०० किलो मसाला, ८०० किलो मिरची, किलोला ०.५०. अगदी ठरल्याप्रमाणे.
जुलै ते ऑक्टोबर: ३,२०० किलो, मिरची १,८४०, किलोला ०.५७५.
नोव्हेंबर ते मार्च: ४,८०० किलो, मिरची २,५२०, किलोला ०.५२५.

म्हणजे हे रोजच्या सांडलवंडीचं काम नाही. तसं असतं तर तिन्ही गटांत सारखं दिसलं असतं. २४० किलो फक्त पावसाळ्याच्या चार महिन्यांत गेले आहेत.

वहिनीला विचारायला गेले तर तिने आकडा न पाहताच सांगितलं, "ताई, श्रावणातली मिरची हाताला मऊ लागते. कडकन मोडत नाही. ती मी दोन दिवस पंख्याखाली घालते, मग दळते. आणि काळ्या पडलेल्या वेगळ्या काढते, त्या मी मसाल्यात जाऊ देणार नाही." बुरशी लागलेली मिरची न दळण्याबाबत ती अजिबात ढिली पडत नाही आणि पडूही नये. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून-दळून पूर्ण जात नाही.

हिशेब तिच्या म्हणण्याशी जुळतो. १६ टक्के ओलाव्याची १०० किलो मिरची १० टक्क्यांवर आणली की सुमारे ९३ किलो राहते. वर देठ आणि निवडून काढलेली. एप्रिलच्या चांगल्या मिरचीतून देठ काढून ९३ टक्के माल हाती येतो, पावसाळ्यातल्या गोणीतून ८१ टक्क्यांच्या आसपास. हाच मिरचीचा उतारा.

यातून एक गोष्ट पुढे आली जी दर आणि वापर वेगळे पाहताना दिसत नव्हती. ऑगस्टमध्ये एक खेप १९२ ने मिळाली होती, तेव्हाच्या बाजारापेक्षा स्वस्त. दराच्या तफावतीत ती अनुकूल दिसते. पण ८१ टक्के उतारा धरला तर दळणालायक किलो पडला २३७ ला. त्याच सुमारास कोरडी, कडक मिरची २०८ ने मिळत होती. ९३ टक्के उताऱ्याने ती पडली असती २२४ ला. स्वस्त खेप किलोला १३ रुपये महाग होती. खरेदी करणाऱ्याला शाबासकी आणि दळणाऱ्याला बोल, असं दोन रकाने वेगळे वाचले की होतं.

आजपासून खरेदी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: दर भागिले उतारा. गोणीतून दोन किलो नमुना काढायचा, देठ तोडून वाळवून तोलायचा, मगच खेपेचा भाव ठरवायचा.

१९ एप्रिल

उरलेलं भराभर. धणे, खोबरं वगैरे मिळून १८,००० वाचले. पॅकिंग, दळण आणि पोहोचवणी यांत १३,२०० जास्त. स्थिर खर्चात १८,००० जास्त, ते बहुतेक बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज.

पूर्ण उतरंड अशी:

अंदाजित नफा ४,२०,०००
जास्त किलो +७६,०००
हॉटेलकडे कल −१,५४,०००
विक्रीदर −७५,०००
मिरचीचा दर −१,२९,०००
मिरचीचा वापर −६४,८००
इतर कच्चा माल +१८,०००
पॅकिंग, दळण, पोहोचवणी −१३,२००
स्थिर खर्च −१८,०००
प्रत्यक्ष नफा ६०,०००

व्याज का वाढलं तेही पाहिलं. हॉटेलची उधारी १५ दिवसांची ठरली होती, सरासरी ५० दिवस निघाली. त्या वेगाने २,६६,००० रुपये कायम बाहेर राहतात. म्हणजे मिरची मोसमात घ्यायला जे पैसे नव्हते, ते भोजनालयांच्या वहीत अडकले होते. हॉटेलचा दर, उधारी, मिरचीचा दर आणि पावसाळ्यातला वापर या चार तफावती मला वेगवेगळ्या वाटत होत्या, पण त्या एकाच साखळीत आहेत.

२५ एप्रिल

पाकिटांचा अंदाज खाली आणायचा का? दादाचं म्हणणं, ६,००० लिहिले आणि ४,२०० झाले, यंदा ४,५०० लिही. वार्षिक आकडा पाहिला तर ते बरोबर वाटतं. तिमाही पाहिली तर नाही. पहिली तिमाही ४५० किलो, दुसरी ८००, तिसरी १,३००, चौथी १,६५०. अंदाजात पहिल्याच महिन्यापासून १०० दुकानं आणि दुकानाला महिन्याला ५ किलो धरले होते. मार्चमध्ये ११० दुकानं होती आणि दुकानामागे ५ किलोच जात होते. म्हणजे दुकानाची भूक बरोबर धरली होती. दुकानं उभी राहायला किती महिने लागतात ते बरोबर धरलं नव्हतं. ही तफावत सुरुवातीची आहे, पुन्हा येणारी नाही.

पण चौथी तिमाही गुणिले चार असंही करायचं नाही. त्यात २० नवीन दुकानांच्या पहिल्या ऑर्डरी आहेत, सुमारे १२० किलो. तो माल दुकानदाराच्या फळीवर गेला, गिऱ्हाइकाच्या घरात अजून गेलाय असं नाही. तो वजा केला की महिन्याला ५१० किलो राहतात. शिवाय एप्रिल-मे हे वर्षाचं तिखट-मसाला घरी करून ठेवायचे महिने आहेत, तेव्हा पाकीट कमी उचललं जातं. म्हणून तिमाहीने असं लिहिलं: १,३००, १,५००, १,६५०, १,६५०. एकूण ६,१००.

गेल्या वर्षीच्या ६,००० च्या जवळच हा आकडा आला. तो जुन्या अंदाजाला धरून ठेवण्यासाठी आणलेला नाही. याच्याखाली दुकानांची संख्या आणि फेरऑर्डर आहे, जे दर महिन्याला तपासता येतं.

२ मे

हॉटेलचं काय करायचं यावर आज तिघं बसलो. वहिनीचं मत स्पष्ट होतं, "पाच हजार किलो दळायचं आणि हाती काही नाही, त्यापेक्षा बंद करा." मी हिशेब मांडला. प्रत्यक्ष खर्चाने हॉटेलच्या किलोमागे ५२ रुपये उरतात. वर्षाचे २,८०,८००. हॉटेल बंद केलं तर हे जातील, पण भाडं, पगार आणि हप्ता कमी होणार नाही. ६०,००० चा नफा २,२०,८०० च्या तोट्यात जाईल. बंद करणं हा उपाय नाही.

दादाला भीती होती की दर वाढवला तर गिऱ्हाईक जाईल. जाईल, काही प्रमाणात. पण किती गेलेलं चालेल हे काढता येतं. दर ३६० वरून ३७५ केला तर किलोमागे ५२ ऐवजी ६७ उरतील. २,८०,८०० भागिले ६७, सुमारे ४,१९० किलो. म्हणजे हॉटेलची विक्री ५,४०० वरून ४,२०० पर्यंत उतरली तरी हाती तेवढेच येतात. वर उधारी २१ दिवसांवर आली तर बाहेर अडकलेली रक्कम २,६६,००० वरून ९०,००० च्या आसपास येते. सुमारे १,७५,००० मोकळे.

ठरलं असं. १५ मेपासून दर ३७५, उधारी २१ दिवस, ४५ दिवसांच्या वर थकबाकी असेल तर पुढची पिशवी रोखीने. दर तीन महिन्यांनी मिरचीच्या भावाप्रमाणे फेरविचार, आणि तो आधीच सांगून ठेवायचा. दादा म्हणाला, "जुन्या दोघांना मी सोता जाऊन सांगतो, फोनवर नाही." ते योग्य आहे. त्या दोघांकडे मिळून बरीच पिशवी जाते.

मिरचीचा निर्णय याच पैशावर टेकलेला आहे. आता कळमन्यात कोरडी मिरची हमाली-भाड्यासह १९५ ने पडते. शीतगृहाचं भाडं किलोला सुमारे ९ आणि पावसाळा संपेपर्यंतचं व्याज ९ धरलं तर २१३. उतारा ९३ टक्के, म्हणजे दळणालायक किलो २२९ ला. पावसाळ्यात २०५ ची मिरची ८१ टक्के उताऱ्याने २५३ ला पडते. फरक २४ रुपयांचा. जुलै ते ऑक्टोबरची गरज सुमारे १,६५० किलोंची आहे, पण ती सगळी घेण्याएवढे पैसे नाहीत आणि त्यासाठी कॅश क्रेडिट ताणायचं नाही. उधारीतून जेवढे सुटतील तेवढीच, म्हणजे कमाल ९०० किलो. वसुली होईल तशी टप्प्याने.

भाव पावसाळ्यात पडलाच तर? तर हा फरक कमी होईल. पण २४ रुपयांत बाजारभावाचा वाटा थोडा आहे, उताऱ्याचा जास्त. पावसाळ्यातला भाव १८५ च्या खाली गेला तरच साठवलेली मिरची महाग ठरेल.

९ मे

सुधारित अंदाज लिहून पूर्ण केला. काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही ते इथे.

मिरचीचा दर १८० वरून २००. कळमन्याच्या १९८ च्या आधाराने, २०५ च्या नाही. वापर ०.५० वरून ०.५२. पावसाळ्यातली निम्मी मिरची तरी कोरडी असेल असं धरून. पूर्ण ०.५३७५ लिहिले असते तर गेल्या वर्षीचा ओलावा योजनेनेच मान्य केला असता. पाकिटं ६,१०० किलो, दर ४७५. हॉटेल ४,२०० किलो, दर ३७५. स्थिर खर्च ७,५०,०००.

यावरून पाकिटांमागे १३१ आणि हॉटेलमागे ७१ उरतात. कॉन्ट्रिब्यूशन १०,९७,३००, नफा ३,४७,३००. मूळ अंदाजापेक्षा कमी आहे आणि तो तसाच बँकेला दाखवणार आहे. मूळ अंदाजाची फाईल जशी होती तशी कुलूपबंद ठेवली आहे. तिच्यावर नवे आकडे चढवले तर पुढच्या वर्षी कशाशी तुलना केली हेच कळणार नाही.

एकाच गोष्टीची कसोटी लावून पाहिली. मिरची २३० झाली तर किलो मसाल्याला १५ रुपये ६० पैसे वाढतात, १०,३०० किलोंवर १,६०,६८०. नफा १,८६,६२० वर येतो. हप्ता तरीही निघतो, पण नवीन पॅकिंग मशीनचा विचार त्या वर्षी सोडावा लागेल. म्हणून मशीनचा निर्णय ऑक्टोबरनंतर, पावसाळ्याचा वापर कळल्यावर.

योजना पुन्हा कधी उघडायची हेही ठरवलं. पाकिटांची फेरऑर्डर सलग दोन महिने अंदाजाच्या १० टक्के खाली गेली, मिरचीचा वापर कोणत्याही महिन्यात ०.५५ च्या वर गेला, किंवा हॉटेलची उधारी ३० दिवसांवर गेली, तर. एरवी महिन्याच्या लहानसहान फरकाने आकडे हलवायचे नाहीत. श्रावणात भोजनालयांची मागणी उतरते, ती उतरेलच. ती पाहून घाबरून पुन्हा दर खाली आणायचा नाही, हे दादाच्या देखत लिहून ठेवलं.

१८ मे

एप्रिलचे आकडे नव्या योजनेशी लावले. पाकिटं ४०० च्या जागी ३८५, वापर ०.५०, हॉटेल जुन्याच दराने ३६५ किलो. यातून काही ठरवण्याजोगं नाही.

नवा दर लागू झाला. दोन भोजनालयांनी माल थांबवला, एकाने २१ दिवसांची अट मान्य करून दर ३७० वर आणायला सांगितला. त्याचं खातं पाहिलं, वर्षभर २० दिवसांच्या आत पैसे देणारा आहे. ३७० ला हो म्हटलं आणि त्याच्या नावापुढे कारण लिहिलं, म्हणजे महिनाअखेरीस दराच्या तफावतीत तो ५ रुपयांचा फरक दिसेल तेव्हा शोधावं लागणार नाही.

वसुली १,१०,००० झाली. त्यातून ५५० किलो मिरची घेतली, नमुन्याचा उतारा ९२ टक्के, पावती शीतगृहाची. उरलेल्या ३५० किलोंसाठी पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आले तर घ्यायची. त्यानंतर मिळणारी मिरची कोरडी असेलच असं नाही, म्हणून मुदत तिथेच संपवली आहे.

पुढची नोंद जूनअखेर, पहिल्या तिमाहीचे तीन रकाने लावून.